खणाच्या योकचा सुती कुर्ता : टॅगवर काय, आतल्या लेबलवर काय?

चाफेकळी

नमस्कार मंडळी. मी साताऱ्यात घरूनच कुर्ते शिवून विकते. आजवर गिऱ्हाईक ओळखीतलंच होतं, त्यामुळे माप, कापड, धुणं सगळं तोंडी सांगून भागायचं. आता पुण्यात एका प्रदर्शनात स्टॉल घेतलाय. तिथे घेणारे अनोळखी असणार, म्हणून कुर्त्याला लटकवायचा टॅग आणि आत शिवायचं लेबल असं दोन्ही करायचं ठरवलंय.

कुर्ता असा आहे: अंगाला गडद निळं मंगळगिरी सुती, पुढच्या योकला आणि बाहीच्या पट्टीला मरून खण, योकच्या आत पांढऱ्या मलमलचं अस्तर, गळपट्टीत फ्यूजिंग, समोर लाकडी बटणं. किंमत १८५० रुपये.

टॅगसाठी मी केलेला मजकूर: "शुद्ध सुती. साइज एम. थंड पाण्यात हाताने धुवा. किंमत रु. १८५०." लेबलवर धुण्याची चिन्हं टाकायची आहेत. पण टबाचेच इतके प्रकार, इस्त्रीचे तीन, चौकोनांचे तर मोजता येत नाहीत. यातली माझ्या कुर्त्याला कोणती लागू होतात, हे कसं ठरवायचं?

मनवा

सरळ "फक्त ड्रायक्लीन" लिहून टाक ना. मी माझ्या सगळ्या ब्लाउजांना तेच लिहिते. रंग गेला, आटला, काही झालं तरी आपल्यावर येत नाही. आणि चिन्हं टाकच, ती कायद्याने सक्तीची आहेत. वैधमापनवाले, म्हणजे वजनमापं तपासणारे सरकारी लोक, प्रदर्शनात तपासायला येऊ शकतात.

उभाआडवा

कापड तपासणीत बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मनवाताई, वैधमापनवाले तपासू शकतात हे बरोबर, पण ते धुण्याची चिन्हं बघायला येत नाहीत. आवेष्टित, म्हणजे पाकीटबंद, वस्तूंचे २०११ चे नियम आहेत, त्यात २०२२ मध्ये तयार कपड्यांसाठी सवलत आली. पाकिटात बंद न करता हँगरवर किंवा घडी करून उघडे विकले जाणारे कपडे असतील तर चार गोष्टी पुरतात. उत्पादकाचं किंवा ब्रँडच्या मालकाचं नाव, ग्राहकासाठी फोन आणि ईमेल, एस-एम-एल सारखा साइज आणि सोबत सेंटिमीटरमधलं माप, आणि सर्व करांसह एमआरपी. धुण्याचं यात काहीच नाही. म्हणजे चाफेकळी, तुमच्या मसुद्यात जे आहे त्यातलं धुणं सक्तीचं नाही, आणि जे सक्तीचं आहे त्यातलं नाव, फोन, ईमेल, सेंटिमीटर आणि "सर्व करांसह" हे शब्द राहिलेत.

आता चिन्हांचं. चिन्हं कुर्त्याला लागत नाहीत, कुर्त्यातल्या सगळ्यात नाजूक भागाला लागतात. मंगळगिरी सुती कडक इस्त्री सोसेल, पण खण सोसेल का? खण हाताने धुता येईल, पण त्याचा रंग पांढऱ्या मलमलीवर उतरेल का? लाकडी बटण तासभर भिजलं तर फुगेल का? हे बघितल्याशिवाय कुठलंही चिन्ह निवडू नका. आणि "शुद्ध सुती" तर मुळीच लिहू नका. बाजारात आज जो खण मिळतो त्यातल्या बऱ्याच मालात कृत्रिम धागा असतो.

घरी होणाऱ्या तीन चाचण्या सांगतो.

पहिली आटण्याची. न धुतलेल्या मंगळगिरीवर आणि खणावर प्रत्येकी ५० बाय ५० सेंटिमीटरचा चौकोन पक्क्या दोऱ्याच्या टाक्यांनी आखा. गिऱ्हाईक जसं धुणार तसंच धुवा, वाळवा, इस्त्री करा, आणि उभं-आडवं वेगवेगळं मोजा. असं तीन वेळा. पहिल्या धुण्यात बहुतेक आटून होतं, पण हातमागाच्या कापडाचं थोडं पुढच्या धुण्यातही निघतं.

दुसरी रंगाची. खणाच्या तुकड्यावर पांढऱ्या सुती कापडाचा तुकडा शिवा, साबणाच्या कोमट पाण्यात अर्धा तास ठेवा, चोळा, तसाच ओला पिळून सावलीत वाळवा. पांढऱ्यावर काय उतरतं ते बघा. निळ्याचंही तेच करा. शिवाय पांढरा रुमाल ओला करून कापडावर जोर देऊन दहा-बारा वेळा घासा. गडद निळ्या कापडात बरेचदा धुण्यात फारसा रंग जात नाही, पण घासल्यावर जातो, आणि मग तो बाईच्या पर्सवर दिसतो.

तिसरी जाळून बघण्याची. खणाचे उभे आणि आडवे धागे सोडवून वेगवेगळ्या जुड्या करा, चिमट्यात धरून ज्योतीला लावा. सुती धागा कागदासारखा जळतो, राख मऊ राखाडी. रेशमाला केस जळल्याचा वास येतो आणि काळी राख बोटाने चुरडते. वितळून कडक मणी झाला तर पॉलिस्टर किंवा तसंच काही. पाणी जवळ ठेवूनच करा.

स्वेटरवाली

चांगला धागा काढलात. माझे हाताने विणलेले लोकरीचे बाळस्वेटर आहेत. टबात हात असलेलं चिन्ह टाकते, पण लोक ते दोरीवर टाकून वाळवतात आणि स्वेटर गुडघ्यापर्यंत लांब होतो. त्यासाठी काही वेगळं चिन्ह आहे का? आणि टॅग तुम्ही कुठल्या रंगाचे करता?

उभाआडवा

आहे. चौकोन म्हणजे वाळवणं. चौकोनात उभी रेघ असेल तर दोरीवर, दोन उभ्या रेघा असतील तर न पिळता निथळत, आणि मधोमध आडवी रेघ असेल तर सपाट पसरून. तुम्हाला आडवी रेघ हवी. वरच्या डाव्या कोपऱ्यात तिरकी रेघ जोडली की सावलीत. पण आई-आजी हे चिन्ह ओळखतीलच असं नाही, म्हणून खाली "टॉवेलवर सपाट वाळवा, दोरीवर नको" असं शब्दांत लिहाच.

छापखाना

कोल्हापुरात आमचं छपाईचं काम आहे. टॅगच्या कार्डाबद्दल बोलतो, कापडातलं मला कळत नाही.

ताई, चारही साइजांसाठी वेगळी कार्डं छापू नका. एकच कार्ड करा, साइज आणि किमतीची जागा मोकळी सोडा आणि तिथे रबरी शिक्का मारा. मात्र मग कार्ड चकचकीत आर्ट कार्ड नको, त्यावर शिक्क्याची शाई वाळत नाही, बोट लागलं की पसरते. बिनचकाकीचं, ३०० जीएसएमच्या आसपासचं कार्ड घ्या. क्राफ्ट कार्ड दिसतं छान, पण त्यावर फिकट रंगाचा मजकूर उठत नाही. काळाच ठेवा.

दुसरं, मराठी मजकूर. मोबाइलवर टाइप केलेला युनिकोड मजकूर आमच्याकडच्या कोरल या डिझाइनच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये उघडला की पहिली वेलांटी भलत्याच अक्षराला लागते आणि जोडाक्षरं सुटतात. "स्वच्छ"चं काय होतं ते एकदा बघाच. म्हणून मजकूर आउटलाइन करून, म्हणजे अक्षरांचं चित्र करून, पीडीएफ द्या, आणि छापण्याआधी कागदावर काढलेला प्रूफ स्वतः वाचा. व्हॉट्सअॅपवरचा फोटो बघून होकार देऊ नका. अक्षर ८ पॉइंटच्या खाली नको, बारीक फॉण्टमध्ये त्याखाली मात्रा नि अनुस्वार भरून जातात.

भोक ४ मिलिमीटरचं, कडेपासून निदान तेवढंच आत. डिझाइन कडेपर्यंत जात असेल तर चारी बाजूंनी ३ मिलिमीटर जास्त सोडा.

न्यूजर्सीकर

मी इथे मंडळाच्या दिवाळी बाजारात भारतातून मागवलेले कुर्ते विकते. अमेरिकेत धुण्याची सूचना सक्तीची आहे, १९७२ पासून. धाग्याचे टक्के आणि कुठल्या देशात बनलं तेही लागतं. "शंभर टक्के कॉटन" लिहून खण असलेला माल आला तर मी तो घेऊ शकत नाही. चाफेकळी, तू इकडे पाठवणार असशील तर टक्के काढून घे.

चाफेकळी

आत्ता तरी पुण्यापुरतंच आहे, पण टक्क्यांचं लक्षात ठेवते.

उभाआडवाकाका, तुम्ही सांगितलं तसं सगळं करून बघितलं. मंगळगिरीचा चौकोन तीन धुण्यांनंतर उभ्यात ५० चा ४७.५ झाला, आडव्यात ४९. खण जवळजवळ होता तेवढाच राहिला, उभ्यात ४९.७. रंग: निळ्याने धुण्यात काही सोडलं नाही, ओल्या रुमालावर मात्र फिकट निळा आला. मरून खणाने पांढऱ्या तुकड्याला स्पष्ट गुलाबी केलं. दुसऱ्या धुण्यात कमी, तिसऱ्यात जेमतेम.

आणि जाळून बघितलं तर खणाचा उभा धागा वितळून मणी झाला, आडवा कागदासारखा जळला. दुकानदाराने "कॉटन खण" म्हणून दिला होता.

उभाआडवा

छान मोजलंत. आता आकडे काय सांगतात ते बघा. उभ्यात अडीच सेंटिमीटर गेलं म्हणजे ५ टक्के. तुमचा कुर्ता ११० सेंटिमीटर उंच असेल तर साडेपाच सेंटिमीटरने आखूड होणार. आडव्यात २ टक्के, म्हणजे १०२ चा घेर १०० वर येणार. त्याहून वाईट म्हणजे खण तसाच राहतो आणि खालचं सुती आखडतं, त्यामुळे योकच्या जोडावर चुण्या पडणार. हे कुठल्याही लेबलने सुटत नाही. मंगळगिरी कापण्याआधी धुऊन, वाळवून, इस्त्री करूनच घ्या. धुतलेल्या कापडावर पुन्हा चौकोन आखून बघा, एक टक्क्याच्या आत आलं की कापा. मगच टॅगवरचं सेंटिमीटरचं माप धुतल्यावरही खरं राहील.

खणही कापण्याआधी मिठाच्या नव्हे, साध्या पाण्यात दोनदा खळबळून घ्या. मिठाने कच्चा रंग पक्का होत नाही. सैल रंग आधीच निघून गेला की मलमलीचं अस्तर वाचेल. जमलं तर अस्तर पांढऱ्याऐवजी मरून किंवा निळं घ्या.

आता चिन्हं, ठरलेल्या क्रमाने: धुणं, ब्लीच, वाळवणं, इस्त्री, ड्रायक्लीन.

टबात हात. याचा अर्थ हाताने, आणि पाणी जास्तीत जास्त ४० अंश. मशीनचा टब घेऊ नका, लाकडी बटणं आणि फ्यूजिंग दोन्ही आहेत.
फुली मारलेला त्रिकोण. ब्लीच नको.
चौकोनात उभी रेघ आणि कोपऱ्यात तिरकी. दोरीवर, सावलीत.
इस्त्रीत दोन ठिपके. निव्वळ सुतीला तीन चालले असते, पण खणात वितळणारा धागा आहे. तोच इथे ठरवणार.
वर्तुळाचं मात्र तुम्हीच ठरवा. वर्तुळातलं अक्षर गिऱ्हाइकासाठी नसतं, ड्रायक्लीनरसाठी असतं, कुठलं द्रावण चालेल ते सांगायला. एक कुर्ता प्रत्यक्ष ड्रायक्लीनला टाकून बटणांचं पॉलिश आणि फ्यूजिंग तपासलंत तर अक्षर टाका. नाहीतर फुली मारा.

मनवा

पण काका, ड्रायक्लीन तर सगळ्यात सुरक्षित ना? आणि पहिल्यांदा ड्रायक्लीन, मग घरी धुवा असं लिहिलं की रंग बसतो.

उभाआडवा

रंग बसत नाही, मनवाताई. ड्रायक्लीनमध्ये पाणी नसतं, त्यामुळे पाण्याने सुटणारा रंग तसाच राहतो आणि नंतर घरी पहिल्यांदा पाण्यात घातला की तेव्हा सुटतो. आणि लाकडी बटणाचं लाखेचं पॉलिश द्रावणाने जाऊ शकतं. ब्लाउजवर खरी जर, आत पॅड, वेगवेगळे रंग असतील तर तुमचं ड्रायक्लीन योग्यच असेल. पण रोज घालायच्या सुती कुर्त्यावर ते लिहिलं तर कोणी पाळत नाही, घरीच धुतात, आणि मग त्यांना खरी उपयोगाची सूचना मिळतच नाही.

मनवा

बटणाचं पटलं. तरी भारी कपड्याला मी ड्रायक्लीनच लिहीन.

शिवणकट्टा

लेबल कशावर छापायचं, ते कोणी सांगितलं नाही. मी सुती ट्विल टेपवर कापडाच्या शाईचा शिक्का मारून इस्त्रीने पक्का करते. चिन्हं ६ मिलिमीटरपेक्षा लहान केली की शिक्क्यात चौकोनातल्या रेघा एकमेकींना चिकटतात आणि सगळे चौकोन सारखेच दिसतात. शिक्का मारलेली पट्टी कापडाच्या तुकड्यावर शिवून पाच-सहा वेळा धुवा. टबातला हात दिसेनासा झाला तर शाई बदला.

साटिनच्या छापील पट्ट्याही मिळतात, पण गरम पात्याने कापलेली त्यांची कड टोचते. दोन्ही टोकं दुमडून शिवणीत घ्या. जागा: आतून डाव्या कडेच्या शिवणीत, खालच्या घडीच्या चार बोटं वर. मानेला फक्त ब्रँड आणि साइज.

छापखाना

साटिनची पट्टी बारकोडवाल्या प्रिंटरवर करून घेणार असाल तर रेझिन रिबन मागा. वॅक्सच्या रिबनने छापलेलं दोन-चार धुण्यांत जातं. दुकानदार स्वस्त म्हणून वॅक्सच लावतो.

चाफेकळी

सगळ्यांचे आभार. आता किमतीचं आणि मापाचं विचारते. प्रदर्शनात १६०० ला द्यायचा विचार आहे, नंतर ऑनलाइन १८५०. टॅगवर काय छापू? आणि आमच्याकडे बायका ३८, ४० असं इंचात मागतात. एमला काय लिहू?

उभाआडवा

एमआरपी १८५० लिहा, पुढे "सर्व करांसह". जीएसटी नोंदणी असो वा नसो, त्यावर वेगळा कर मागता येत नाही. त्यापेक्षा कमीत विकायला कोणाची हरकत नाही. कमी किमतीचं स्टिकर लावायचं असेल तर छापील एमआरपी झाकली जाणार नाही अशा जागी लावा. उलट, १६०० छापून वर १८५० चं स्टिकर लावणं मात्र चालत नाही. म्हणून किंमत एकदाच नीट ठरवा.

आणखी एक, पुष्कळांना माहीत नसतं: ही चार निवेदनं इंग्रजीत किंवा देवनागरीतल्या हिंदीत असावी लागतात. मराठी जोडीला हवी तेवढी लिहा, पण नुसती मराठी पुरत नाही.

माप: अंगाचं आहे की कुर्त्याचं, ते लिहिलंच पाहिजे. तुमचा एम ज्या बाईची छाती ९२ आहे तिच्यासाठी असेल आणि कुर्त्याचा तयार घेर १०२ असेल तर दोन्ही लिहा. नुसतं १०२ वाचून ९२ ची बाई एस उचलते. ३८ इंच म्हणजे साडेशहाण्णव सेंटिमीटर. ३८ म्हणताना एकीच्या मनात अंगाचं माप असतं, दुसरीच्या मनात कुर्त्याचं. इंच टॅगवर छापावेत असं मला वाटत नाही, स्टॉलवर तक्ता लावा.

शिवणकट्टा

इंचाबद्दल असहमत. साताऱ्या-पुण्यात सेंटिमीटर कोणी वाचत नाही. सेंटिमीटर मोठं, शेजारी इंच लहान, असं मी करते.

किमतीची पट्टी कार्डाच्या खालच्या कडेला घ्या आणि वर छिद्रांची रेघ पाडून घ्या. भेट देणाऱ्याला ती फाडून उरलेलं कार्ड तसंच ठेवता येतं. टॅग गनची प्लास्टिक पिन खणातून घालू नका, भोक राहतं. कडेच्या लेबलच्या घडीतून दोरी ओवा. सेफ्टी पिन लावायची तर पितळी, लोखंडी पिन पावसाळ्यात गंजून डाग पाडते. आणि रंगीत दोरी आधी ओल्या रुमालात दाबून बघा.

न्यूजर्सीकर

पाकिटात घालून कुरिअरने पाठवला तर तो "उघडा विकलेला" कपडा राहतो का? तसं नसेल तर महिना-वर्ष, नग वगैरे सगळंच लिहावं लागेल ना?

उभाआडवा

विकण्याआधीच सीलबंद पाकिटात ठेवत असाल तर पूर्ण निवेदनं लागतात असं मी धरून चालतो. विकल्यानंतर फक्त पाठवण्यासाठी पाकिटात घातला तर तो प्रकार वेगळा, असं माझं मत. पण यावर निरीक्षकांशी वाद झालेले आहेत. चाफेकळी, तुमच्या जिल्ह्याच्या वैधमापन कार्यालयात टॅगचा नमुना नेऊन विचारा.

चाफेकळी

विचारते. तोवर हा मसुदा, बघून सांगा.

कार्ड, पुढे: ब्रँडचं नाव. "हाताने शिवलेला कुर्ता. अंग: हातमागाचं सुती. योक व बाहीची पट्टी: खण, मिश्र धागा. अस्तर: सुती."
कार्ड, मागे: इंग्रजीत आणि खाली मराठीत, माझं नाव-पत्ता, फोन, ईमेल. "साइज एम. अंगाची छाती ९२ सेंमी, कुर्त्याचा घेर १०२ सेंमी, उंची ११० सेंमी."
खालची पट्टी: "एमआरपी ₹१८५०, सर्व करांसह."
आतलं लेबल: पाच चिन्हं, शेवटच्या वर्तुळावर फुली. खाली "पहिली तीन धुणी वेगळी धुवा. भिजत ठेवू नका. उलटा करून इस्त्री करा."

उभाआडवा

आतल्या लेबलवर कापडाचं लिहायचं राहिलं. कार्ड पहिल्याच दिवशी फेकलं जातं आणि दोन वर्षांनी इस्त्रीवाल्याला कळायला हवं की योकमध्ये कृत्रिम धागा आहे. "मिश्र धागा" हे शब्द लेबलवरही हवेत. नेमके टक्के हवे असतील तर मुंबईत वस्त्रोद्योग समितीची प्रयोगशाळा आहे, तिथे तुकडा तपासून मिळतो. पण खणाचा ताका बदलला की अहवालही बदलतो, त्यामुळे एकाच ताक्यातून पूर्ण खेप काढा.

चाफेकळी

यावेळचा खण सगळा एकाच ताक्यातला आहे. मंगळगिरी आज भिजत घातलंय. काका, फ्यूजिंगही आधी भिजवायचं का?

उभाआडवा

नाही. धुतलेल्या सुतीच्या तुकड्यावर ते चिकटवा, गार होऊ द्या आणि तो तुकडा तीन वेळा हाताने धुवा. बुडबुडे आले तर दुसऱ्या जातीचं घ्या.

स्वेटरवाली

टॅगचा रंग कोणीच सांगितला नाही :)